जो हत्ती अंबारी वाहतो, तो

प्रत्येक तास आधी कागदावर होतो आणि मग वर्गात. कागदावरचा तास नेहमी उत्तम होतो. टाचणाच्या वहीत डावीकडे ‘शिक्षक कृती’ आणि उजवीकडे ‘विद्यार्थी कृती’ असे दोन रकाने असतात. त्या उजव्या रकान्यातल्या मुलांना तहान लागत नाही, त्यांची पेनं संपत नाहीत, आणि ‘अपेक्षित उत्तर’ या मथळ्याखाली जे लिहिलेलं असतं तेच ती बोलतात, तेही हात वर करून, एका वेळी एक. असा वर्ग मिळावा म्हणून मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवते आहे. माझी बदली त्या रकान्यात काही होत नाही.

म्हैसूर तर टाचणांचं माहेरघर. एनसीईआरटीचं शिक्षक घडवणारं प्रादेशिक संस्थान इथे १९६३ पासून आहे, आणि भारतीय भाषा संस्थान १९६९ पासून. दोन्ही मानसगंगोत्रीत. भाषा कशी चालते ते सांगणारे आणि ती कशी चालवावी ते सांगणारे असे शेजारी शेजारी राहतात, आणि दोघांच्या मधे आमची नववीची पोरं सापडतात. वर्गात बहुतेक जण घरी कन्नड बोलणारे. दीड बाक दखनी उर्दूचा. शिवाय दोन-तीन मुलं अशी, ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या म्हैसुरात मुरलेलं मराठी बोललं जातं. ‘मिस, आम्ही पण मराठीच’ हे वाक्य ती मला हळूच, इतरांच्या नकळत सांगतात. जणू त्यावर काही मार्क मिळणार आहेत.

सरावपाठांच्या मोसमात आमच्याकडे बी.एड.ची मुलं येतात. यंदा त्यांत निपाणीची एक मुलगी होती. मराठी ऐकून तिला हायसं वाटलं असावं, कारण दुसऱ्याच दिवशी ती वही घेऊन आली. “मॅडम, टाचण बघता काय जरा? उद्या निरीक्षक येणारेत.” विषय होता रिलेटिव्ह क्लॉज, म्हणजे आपल्या व्याकरणातलं विशेषणवाक्य. वेळ ४० मिनिटं. चार रंगांच्या पेनांनी लिहिलेलं ते टाचण इतकं देखणं होतं, की ते वर्गात नेऊन मळवायला जीव होईना.

सुरुवातीला ‘पूर्वज्ञान’ होतं. त्यात शिक्षिका विचारते, व्हॉट इज अ नाउन? आणि वर्ग म्हणतो, नेम ऑफ अ पर्सन, प्लेस, ॲनिमल ऑर थिंग. हे उत्तर कुठल्याही वर्गात, कुठल्याही वेळी, झोपेतसुद्धा येतं. त्यावरून मुलांना नाम कळतं असं समजायचं असेल, तर आरती पाठ असणाऱ्या प्रत्येकाला संस्कृत येतं असंही समजावं लागेल. त्यानंतर ‘हेतुकथन’: टुडे वी शॅल लर्न रिलेटिव्ह क्लॉजेस. इथे वर्गाचा जो काही हेतू असेल तो मावळतो.

मी तिला म्हटलं, हे सगळं खोडू. पहिली सात मिनिटं मुलांनी एकही वाक्य बनवायचं नाही, फक्त ऐकायचं आणि ओळखायचं. आणि व्याकरणाचा एक शब्द फळ्यावर जाता कामा नये.

“पण मॅडम, फलकलेखनाला मार्क आहेत.”

“तारीख लिही.”

मग आम्ही दोघींनी बसून कोडी केली. द एलिफंट दॅट कॅरीज द गोल्डन हाउडा. म्हैसूरच्या कुठल्याही वर्गात हे अर्धं वाक्य टाकलं, तर उत्तर छपराला जाऊन धडकतं: अभिमन्यू! साडेसातशे किलोची सोन्याची अंबारी २०२० पासून तो वाहतो. द एलिफंट दॅट कॅरिड इट बिफोर हिम: अर्जुन! द हिल दॅट वी सी फ्रॉम धिस विंडो: चामुंडी! द स्वीट दॅट अ पॅलेस कुक मेड: याचं उत्तर देताना वर्गाच्या तोंडाला पाणी सुटतं, आणि तुपाचं प्रमाण किती असावं यावर दोन गट पडतात. या चार कोड्यांत एक युक्ती आहे. पहिल्या दोन्हींत हत्ती स्वतः काहीतरी करतो. तिसऱ्यात डोंगर काही करत नाही, आपण त्याला बघतो. चौथ्यात मिठाई काही करत नाही, तिला कोणीतरी करतं. दोन्ही प्रकार मुलांना ऐकून कळतात, हे पहिल्या सात मिनिटांत दिसलं पाहिजे. कळत नसेल, तर पुढची तेहतीस मिनिटं वाया.

टाचणात पुढे ‘हू’ माणसांसाठी, ‘व्हिच’ प्राण्यांसाठी आणि वस्तूंसाठी असा तक्ता होता. तो शिकवायला सोपा, तपासायला सोपा आणि त्यामुळे सगळ्यांचा लाडका. पण मुलांची गाडी तिथे अडत नाही. निपाणीच्या मुलीने आदल्या तासाला सहज ‘अभिमन्यू, व्हिच...’ म्हटलं, तर मधल्या रांगेतली चष्मेवाली उभीच राहिली. “मिस, अभिमन्यू इज नॉट व्हिच. ही इज हू.” बरोबर होतं तिचं. ज्या प्राण्याला नाव आहे, ज्याला आपण घरच्यासारखं मानतो, त्याला इंग्रजीही ‘हू’ म्हणू देतं. म्हणून आम्ही तो तक्ताच काढून टाकला आणि आजच्या दिवसापुरतं सगळ्यांना ‘दॅट’ ठरवलं. हत्तीचा मान राहिला, आणि खऱ्या अडचणीसाठी जागा झाली.

खरी अडचण काय, ते पाहायला कन्नडमध्ये डोकावावं लागतं. काल आलेला मामा म्हणायचं, तर कन्नड मूल म्हणतं, ‘निन्ने बंद मामा’. (इथे बंद म्हणजे आलेला. मामा बंद पडलेला नाही. मी म्हैसुरात नवी असताना हे ऐकून सांत्वनाच्या तयारीत होते.) वर्णन आधी, मामा शेवटी, आणि जोडायला जो-तो असलं काही नाही. मराठीत आपण हेही करतो, ‘काल आलेला मामा’. आणि दुसरंही करतो, ‘जो मामा काल आला, तो’. आपल्याकडे दोन दारं आहेत. रोजच्या कन्नडमध्ये एकच, आणि इंग्रजीचं दार नेमकं विरुद्ध भिंतीत: मामा आधी, वर्णन मागून.

त्यामुळे एकाच वर्गात दोन वेगळे आजार दिसतात. मराठी आणि दखनी घरातली मुलं जो-तोची जोडी तशीच उचलून इंग्रजीत नेतात. व्हिच बुक यू गेव्ह, दॅट बुक आय लॉस्ट. द मॅन हू केम येस्टरडे, ही इज माय अंकल. तो ‘ही’ म्हणजे आपला ‘तो’. जो आला की मागोमाग तो आलाच पाहिजे, नाहीतर वाक्य उघडं पडल्यासारखं वाटतं. ही चूक मोठ्याने होते, सगळ्यांना दिसते आणि लाल शाईने तिच्यावर गोल करता येतो.

कन्नड मुलाचा आजार मात्र दिसतच नाही. तो म्हणतो, येस्टरडे वन मॅन केम, नो? ही इज माय अंकल. या दोन वाक्यांत एकही चूक काढता येणार नाही. अर्थ पोचला, काम झालं. फक्त विशेषणवाक्य कुठे आहे? त्याने ते टाळलं. आपल्याला जे दार उघडत नाही त्याच्या शेजारच्या खिडकीतून तो गुपचूप बाहेर पडला, आणि त्या खिडकीचं नाव ‘नो?’. म्हैसूर-बेंगळुरूच्या इंग्रजीत हा ‘नो’ किती विशेषणवाक्यांचा भार उचलतो, ते पाहिलं तर अंबारी हलकी वाटेल.

ही टाळाटाळ आमच्याच पोरांची नव्हे. अमेरिकेत जॅकलीन शाक्टर नावाच्या भाषातज्ज्ञ होत्या. त्यांनी १९७४ साली परदेशी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी निबंधांतली रिलेटिव्ह क्लॉज मोजली. फारसी बोलणाऱ्यांनी १७४ लिहिली आणि त्यांत ४३ चुकवली. जपान्यांनी फक्त ६३ लिहिली, चुकली ५. नुसत्या लाल गोलांवरून पाहिलं, तर जपानी हुशार आणि फारसी ढ. पण जपानीतही कन्नडसारखंच वर्णन आधी आणि नाम शेवटी. त्यांना ती रचना अवघड वाटत होती, म्हणून ते तिच्या वाटेलाच जात नव्हते. ज्याचा पाय घसरत नाही, तो कदाचित घाटावर आलाच नसेल.

हे मी निपाणीच्या मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे चुका झाल्या तर चांगलं?”

“आजच्या तासाला, हो.”

“हे निरीक्षकांना तुम्ही सांगाल काय?”

पुढची दहा मिनिटं ‘विषय प्रतिपादना’ची. टाचणात व्याख्या होती, ती कापली. तिच्या जागी कागदाच्या पाट्या आल्या आणि मुलांना उभं केलं. आधी सोपं: एकीकडे ‘द एलिफंट’ची पाटी धरून एक मुलगा, दुसरीकडे तीन मुलं, ‘इट’, ‘कॅरीज’, ‘द हाउडा’. ‘इट’ने आपली पाटी उलटी करायची, मागे ‘दॅट’ लिहिलंय, आणि सगळ्यांनी सरकून हत्तीला चिकटायचं. द एलिफंट दॅट कॅरीज द हाउडा. कोणाची जागा बदलत नाही. टाळ्या.

मग अवघड. ‘द एलिफंट’ एकीकडे आणि दुसरीकडे ‘आय’, ‘सॉ’, ‘इट’. आता ‘इट’ शेवटी उभा आहे. त्याने पाटी उलटी करायची आणि ‘आय’च्या पुढून, थेट हत्तीच्या शेजारी येऊन उभं राहायचं. द एलिफंट दॅट आय सॉ. आणि ‘सॉ’च्या शेजारी जी जागा रिकामी झाली, ती रिकामीच ठेवायची.

हे आपल्या पोरांना जमत नाही. एसटीत रिकाम्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या समाजातली मुलं ती. मोकळी जागा त्यांना बघवत नाही. प्रत्यक्ष तासाला ‘सॉ’ने लगेच पहिल्या बाकावरच्या मित्राला हाताला धरून ओढलं आणि शेजारी उभं केलं. त्याच्या हातात पाटी नव्हती, तर कोणीतरी वहीचं पान फाडून ‘इट’ लिहून दिलं. झालं, द एलिफंट दॅट आय सॉ इट. जी चूक मुलं वहीत करतात, ती वर्गासमोर हाडामांसाची होऊन उभी राहिली. निपाणीची मुलगी गांगरली. मी मागून खुणेने म्हटलं, राहू दे. आणि वर्गाला विचारलं, इथे ‘इट’ किती आहेत? एकाने बोट दाखवून मोजले. पुढे पाटी उलटी करून उभा असलेला एक आणि हा आगंतुक दुसरा. “मिस, धिस फेलो इज एक्स्ट्रा.” आगंतुकाला हाकलण्यात आलं. त्याने जाताना पाटी सोबत नेली.

या चुकीचा उगम आमच्या व्यायामांत आहे, हे कबूल करायला व्याकरणाची पुस्तकं तयार नसतात. ‘खालील दोन वाक्ये जोडा’ हा प्रकार आपल्याला रेन आणि मार्टिन या साहेबांनी लावला. यातले रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही फॉरेन लीजनवरची १९२४ सालची धाडसी कादंबरी लिहिणारेच. वाळवंटातल्या किल्ल्यात माणसांना कसं अडकवावं याचा त्यांना सराव होता. धिस इज द बॉय. ही वन द प्राइझ. जोडा. मूल काय करतं? दुसऱ्या वाक्याचा पहिला शब्द खोडतं आणि तिथे ‘हू’ लिहितं. धिस इज द बॉय हू वन द प्राइझ. बरोबर! दहा वाक्यं अशीच. मग अकरावं येतं: धिस इज द बॉय. आय मेट हिम. मुलाने मनात तयार केलेला नियम इथे चालत नाही, कारण पहिला शब्द ‘आय’ आहे आणि तो खोडला तर आपणच नाहीसे होतो. म्हणून ते मधे ‘हू’ घुसवतं आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवतं: द बॉय हू आय मेट हिम. वाक्य जोडलं, मार्क मिळाला नाही. त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की ‘हू’ हाच ‘हिम’ आहे, घर बदललेला. म्हणून पाट्यांचा खेळ. शब्द खोडायचा नाही, चालत न्यायचा.

कन्नड मुलाला यात स्वतःच्या भाषेची मदतही होते. ‘नानु नोडिद आने’ म्हणजे मी पाहिलेला हत्ती. ‘नन्नन्नु नोडिद आने’ म्हणजे मला पाहिलेला हत्ती. फरक फक्त ‘मी’च्या रूपात. मधल्या ‘नोडिद’ला काही फरक पडत नाही आणि तिथे ‘त्याला’ असा जास्तीचा शब्द कोणी कोंबतही नाही. रिकामी जागा त्याला घरी रोज सवयीची आहे, फक्त ती इंग्रजीत कुठे असते ते माहीत नाही. निपाणीच्या मुलीने ही दोन वाक्यं फळ्यावर लिहिली, कन्नडमध्ये. इंग्रजीच्या तासाला कन्नड, तेही फळ्यावर! पण मागच्या बाकावरची मान पहिल्यांदा वर आली.

आता सराव, पंधरा मिनिटं. टाचणात दहा गाळलेल्या जागा होत्या. गाळलेल्या जागेत ‘हू’ की ‘व्हिच’ भरायचं म्हणजे नाणं उडवायचं. विशेषणवाक्य भाषेत का असतं, तर अनेकांतून एक दाखवायला. तेव्हा अनेक हवेत, आणि त्यांतला एक दुसऱ्या कशाने दाखवता येता कामा नये. आम्ही जोड्यांसाठी दोन-दोन कागद केले. प्रत्येकावर चार हत्ती: एक ऊस खातोय, एकाला माहूत धुतोय, एक पोलिसाच्या टोपीकडे सोंड नेतोय, आणि एकाला एक लहान मुलगी घाबरून बघतेय. एकाच्या कागदावर हत्तींची नावं, दुसऱ्याच्या कागदावर नाहीत. दुसऱ्याने विचारायचं, पहिल्याने सांगायचं.

पहिल्या फेरीत एकाही जोडीने विशेषणवाक्य वापरलं नाही. “लेफ्ट साइड वन.” “टॉप वन.” चित्रं दोघांच्या कागदावर एकाच क्रमाने होती ना! दुसऱ्या फेरीसाठी आम्ही क्रम बदललेले कागद आधीच ठेवले होते, कारण हे होणार हे दिसत होतं. मग आलं, “द फॅट वन.” चारही हत्ती एकाच मापाचे काढले होते, पण हत्ती हाताने काढला की एखादा सुटतोच. त्या जाड्याचं पोट खोडरबराने कमी करावं लागलं. त्यानंतर कुठे “द वन...” असं म्हणून मुलं थांबायला लागली. ते थांबणं फार चांगलं लक्षण. मनातल्या मनात मामाला पुढे आणून वर्णन मागे ढकलण्याचं काम तिथे चालू असतं. निपाणीची मुलगी त्या शांततेत उत्तर सांगायला धावणार होती. तिला हाताला धरून खिडकीशी नेलं. “द वन दॅट... द माहूत... इज वॉशिंग.” आणि मागे ‘इट’ आला नाही. दोन बाकं सोडून एकीने “...इज वॉशिंग इट” म्हटलं, तर तिची जोडीदारीण म्हणाली, “एक्स्ट्रा फेलो!” हा पारिभाषिक शब्द मला कुठल्याही व्याकरणात सापडलेला नाही. आता तो आमच्या वर्गाचा.

शेवटची पाच मिनिटं मूल्यमापन. ‘शिक्षिका प्रश्न विचारेल, विद्यार्थी उत्तरे देतील’ असं टाचणात होतं. ती उत्तरं नेहमी त्याच तिघी देतात आणि निरीक्षक समाधानाने मान हलवतात. त्याऐवजी वहीच्या पानाचा पाव भाग प्रत्येकाला दिला. दोनच प्रश्न. पहिल्यात दोन चित्रं: माहूत हत्तीला ओढतोय, आणि हत्ती माहुताला ओढतोय. वाक्य: द एलिफंट दॅट द माहूत इज पुलिंग. कुठलं चित्र, त्यावर खूण करा. जो शब्द आधी दिसला तोच काम करतो असं धरून चालणारं मूल हमखास दुसऱ्या चित्रावर खूण करतं. दुसरा प्रश्न: तुमच्या घरातल्या एका वस्तूबद्दल असं लिहा की तशा चार वस्तूंतून ती नेमकी ओळखता येईल, रंग, आकार आणि जागा सांगायची नाही.

तास संपल्यावर शिक्षक-खोलीत आम्ही त्या चिठ्ठ्यांच्या तीन गड्ड्या केल्या. पहिलीत नीट जमलेल्या. दुसरीत ‘एक्स्ट्रा फेलो’वाल्या: द अम्ब्रेला दॅट माय ग्रँडमदर बॉट इट. तिसरीत ज्यांत एकही चूक नाही आणि एकही ‘दॅट’ नाही: आय हॅव वन अम्ब्रेला. माय ग्रँडमदर बॉट इट. निपाणीची मुलगी तिसरी गड्डी पहिलीत मिसळायला निघाली होती. व्याकरण शुद्ध आहे की, म्हणाली. मी ती गड्डी वेगळी काढून रबरबँड लावला. उद्या हत्तींचे कागद पुन्हा द्यायचे ते यांनाच. दुसऱ्या गड्डीला पाच मिनिटांत एकदा पाट्या धरून उभं केलं की पुरे. आणि ज्यांनी चित्र चुकवलं पण वाक्य बरोबर लिहिलं, त्यांनी वाक्य शेजाऱ्याचं पाहिलं, हेही दोन प्रश्न शेजारी ठेवल्यामुळे आपोआप कळलं. असे चार निघाले, सगळे एकाच बाकाच्या आसपासचे.

निरीक्षकांनी टाचणावर शेरा दिला होता: ‘फलकलेखन अपुरे. वर्गात गोंगाट. विद्यार्थी सहभाग उत्तम.’ ती तो शेरा तीनदा वाचून, यात आपण पास की नापास हे ठरवत होती, तेवढ्यात पहिल्या गड्डीतली एक चिठ्ठी तिने माझ्यापुढे धरली. वस्तू लिहायच्या जागी एकाने घरातलं माणूसच लिहिलं होतं. माय फादर दॅट वर्क्स इन द बँक.

“हे बरोबर ना मॅडम?”

“रचना बरोबर आहे.”

“मग?”

“मराठीत म्हण.”

“माझे जे वडील बँकेत आहेत, ते...” ती थांबली, आणि हसू आवरेना म्हणून वहीने तोंड झाकलं. मग वही उघडून तिने हिरव्या पेनाने नवं पान आखायला घेतलं. विषय: स्वल्पविराम. शैक्षणिक साहित्य: वडील, एक.